शेवळांचा अभ्यास, माहिती पाड्यावरच्या बायकांची. शोधनिबंधात नाव कुणाचं आणि कुठे?

मृद्गंध_ठाणे

नमस्कार मंडळी. मी वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करते आहे, विषय आहे शेवळं. जांभळी नाक्याच्या बाजारात मे संपता संपता जुड्या दिसतात, तीच. वळीव पडला की पान यायच्या आधी जमिनीतून जो तपकिरी-जांभळट कोंब वर येतो, तो या झाडाचा फुलोरा. आपण तोच खुडून खातो. म्हणजे ज्या कंदाचा फुलोरा खुडला, त्याला त्या वर्षी बी धरत नाही. माझा प्रश्न असा होता की पिढ्यान्‌पिढ्या अशी खुडणी चालू असताना शेवळं टिकली कशी?

उत्तराची दिशा मला येऊरच्या एका पाड्यावरच्या बायकांनी दाखवली. त्यांचं म्हणणं असं की कंदाला कुणी हात लावत नाही, आणि उमललेलं शेवळ घेत नाहीत कारण ते फार खाजतं. शिवाय भाताची पेरणी आली की शेवळांना जायला कुणाला वेळच नसतो. त्यामुळे उशिरा येणारी शेवळं आपोआप राहतात आणि बी त्यांचंच पडतं. ही शेवटची गोष्ट मला कुठल्याही पुस्तकात सापडली नव्हती. त्यावरून मी अभ्यासाची सगळी आखणी बदलली. आता लवकर येणारी आणि उशिरा येणारी शेवळं मी वेगवेगळी मोजते.

मार्गदर्शक म्हणतात, शेवटी 'स्थानिक रहिवाशांचे आभार' असं लिही, झालं. मला ते पटत नाही. ज्या आजींनी हे सांगितलं त्यांचं नाव यायला हवं. पण दुसरी बाजू अशी की ही जागा राष्ट्रीय उद्यानात आहे आणि तिथून काहीही तोडायला कायद्याने बंदी आहे. नाव छापलं तर उद्या तेच त्यांच्याविरुद्ध वापरलं जाईल का? कुणी अशा प्रसंगातून गेलं असेल तर सविस्तर सांगा.

खवय्या_कोपरी

विषय गंभीर आहे, पण शेवळं म्हटल्यावर राहवत नाही. आमच्याकडे काकडाच्या आंबट फळांशिवाय शेवळं चुलीवर चढतच नाहीत. आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, नाहीतर जेवणानंतर घरातलं कुणी कुणाशी बोलत नाही, सगळे घसा खाजवत बसतात! यंदा चांगली शेवळं मिळाली नाहीत. ताई, येऊरला नेमकी कुठल्या बाजूला येतात? रविवारी चक्कर मारीन म्हणतो.

मृद्गंध_ठाणे

@खवय्या, माफ करा, जागा सांगणार नाही. पाड्यावर तसा शब्द दिला आहे. बाजारात त्याच बायका बसतात, त्यांच्याकडून घ्या. काकडंही त्यांच्याकडेच मिळतील.

वनस्पतीवेडा

माझं मत थोडं वेगळं आहे. 'स्थानिकांना सगळं कळतं' असं धरून चालणं धोक्याचं आहे. पूर्वी शेवळं घरापुरती आणायचे, आता ठाण्या-मुंबईच्या बाजारासाठी आणतात. भाव चढला की पेरणी असली तरी घरातलं कुणीतरी जंगलात जाणारच. अ‍ॅमॉर्फोफॅलस कम्युटॅटस ही आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यातली वनस्पती आहे, जगात सगळीकडे मिळणारी नव्हे. आजींनी सांगितलं ते त्यांच्या तरुणपणी खरं असेल. आजही खरं आहे हे तुम्ही कशावरून ठरवणार?

मृद्गंध_ठाणे

@वनस्पतीवेडा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि अभ्यास नेमका त्यासाठीच आहे. मी ते वाक्य पुरावा म्हणून घेतलेलं नाही, तपासायचं विधान म्हणून घेतलं आहे.

तपासायची रीत अशी. खुडणी होते अशा आणि होत नाही अशा जागी चौकटी आखल्या आहेत. जूनमध्ये फुलोरे मोजायचे आणि कुठल्या आठवड्यात वर आले ते लिहायचं. ऑगस्टमध्ये पुन्हा जाऊन पानं मोजायची. बीपासून आलेल्या रोपाचं पान अगदी लहान असतं, देठ काडीसारखा. जुन्या कंदाचं पान जाड देठाचं आणि छत्रीसारखं पसरलेलं. एखाद्या चौकटीत नुसती जाड देठांची पानं असतील आणि लहान एकही नसेल, तर तिथली शेवळं म्हातारी होत चालली आहेत असं समजायचं. बाजारात येणारी जुडी मात्र तेवढीच दिसत राहील, कारण जुने कंद फुलतच असतात. त्यामुळे नुसत्या बाजारावरून काहीच कळत नाही.

यात फसायला होतं ते एका वर्षाच्या आकड्यावर. कंदात पुरेसा साठा नसला तर त्या वर्षी तो फुलोरा काढत नाही, नुसतं पान काढतो. तेव्हा यंदा शेवळं कमी आली म्हणजे झाडं कमी झाली असं नाही. हेही मला आधी पाड्यावरच ऐकायला मिळालं. त्या म्हणतात, 'यंदा कांदा झोपलाय.'

दे_ना_पाटील_शहापूर

धाग्याचं नाव वाचून आलो. संशोधनात शेतकऱ्याचं ज्ञान म्हणताय तर राबाबद्दल कुणीच कसं बोलत नाही? आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, ऐनाची टहाळं, पालापाचोळा, गवत असे थर रचतात. वरून मातीचा पातळ थर. मग वारा ज्या दिशेला जातो त्या टोकाकडून पेटवायचं, म्हणजे जाळ वाऱ्याच्या उलट हळूहळू सरकतो आणि जमीन नीट भाजते. दुसऱ्या टोकाने पेटवलं तर भडकून जातं आणि खालची माती कच्ची राहते. आता सगळे म्हणतात राब जाळू नका, धूर होतो, झाडं तुटतात. आमच्या वडिलांना कुणी एका शब्दानं विचारलं नाही की बाबा, का जाळता.

रानवाटा

पाटीलकाका, तुम्ही वेगळाच विषय काढलात असं वरवर वाटेल, पण तो इथे अगदी लागू आहे. राबावरून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यात इंग्रजांच्या काळात एवढा असंतोष होता की 1885 मध्ये मुंबई सरकारला त्यासाठी वन आयोग नेमावा लागला. टहाळं तोडणं म्हणजे जंगलाचा नाश, असं वनखात्याचं म्हणणं. पुढे 1912 च्या सुमारास हॅरल्ड मान, जोशी आणि कानिटकर यांनी राबाचा रासायनिक अभ्यास केला. नुसती राख टाकून तो परिणाम मिळत नाही, माती तापण्याचा वाटा मोठा आहे, असं त्यांना दिसलं. वाऱ्याच्या उलट पेटवायची जी रीत तुम्ही सांगितलीत तिचं कारण हेच. म्हणजे शेतकरी जे करत होते त्यामागे कारण होतं, फक्त ते कुणी मोजलेलं नव्हतं. आणि तरीही ऐनाची झाडं बोडकी होतात ही वनस्पतीवेडा यांच्यासारख्यांची तक्रारही खोटी नाही. एखादी रीत पिकासाठी बरोबर आणि रानासाठी जड, असं एकाच वेळी असू शकतं. म्हणून श्रेय आणि तपासणी दोन्ही लागतं.

आता मृद्गंधताईंच्या प्रश्नाकडे येतो. गेली बरीच वर्षं मी शहापूर-मुरबाड भागात जंगलाची मोजणी करतो, त्यावरून सांगतो.

आधी माहितीची वर्गवारी करा. शेवळं काकडं घालून शिजवतात हे ठाणे जिल्ह्यात घरोघरी माहीत आहे. त्याला एका व्यक्तीचं नाव लावणं उलट इतरांवर अन्याय आहे. तिथे समाजाचा आणि भागाचा उल्लेख पुरतो. पण 'उशिरा येणारी शेवळं राहतात आणि बी त्यांचंच पडतं' हे निरीक्षण आहे, कारणासकट मांडलेलं. ते तुमच्या पद्धतीच्या भागात, जिथे तुम्ही आखणी का बदलली हे लिहाल, नेमक्या त्या वाक्याला जोडून यायला हवं. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, ते तिथे. आभारात टाकलं की वाचणाऱ्याला वाटतं त्यांनी चहापाणी केलं.

संदर्भ कसा लिहायचा यावर कॅनडातल्या नॉरक्वेस्ट कॉलेजमध्ये काम केलेल्या लॉरिसिया मॅकलाऊड यांनी एक नमुना बनवला आहे. छापील पुस्तकाचा देतात तसाच सांगणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तीचा संदर्भ यादीत द्यायचा. त्यात नाव, समाज, गाव, विषय आणि तारीख. नियतकालिकं 'व्यक्तिगत संवाद' म्हणून कंसात उरकतात, त्यापेक्षा हे बरंच बरं. संपादकाला पत्रात आधीच कळवा, नाहीतर ते छपाईच्या वेळी काढून टाकतात.

सहलेखक करायचं असेल तर मात्र नीट विचार करा. लेखक म्हणजे मजकुराला अखेरची मान्यता देणारा आणि त्याची जबाबदारी घेणारा माणूस, असाच बहुतेक नियतकालिकांचा निकष असतो. आजींना मसुदा मराठीत वाचून दाखवला, त्यांनी चुका काढल्या, निष्कर्षाला हो म्हटलं, तर त्या निकषात बसतात. अक्षरओळख नाही हे कारण चालणार नाही. पण त्यांना न विचारता मोठेपणा म्हणून नाव घातलं, तर तोही एक प्रकारचा वापरच झाला.

नियमांचा_पक्का

एवढी चर्चा कशाला? जैवविविधता कायदा 2002 चा आहे. पारंपरिक ज्ञान वापरायचं तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी घ्या. ती नसेल तर अभ्यासच बेकायदा.

अ‍ॅड_सुजाता

@नियमांचा_पक्का, अर्धं बरोबर आहे. परदेशी नागरिक किंवा परदेशी संस्था असेल तर प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. भारतीय विद्यार्थिनीने भारतात राहून केलेल्या शैक्षणिक अभ्यासाला ती लागत नाही. यातून पेटंट घ्यायचं ठरलं तर पुन्हा प्राधिकरणाकडे जावं लागेल. राष्ट्रीय उद्यानात शिरून काम करायला वनविभागाची परवानगी लागते ती वेगळी, ती ताईंनी घेतली असेलच.

पण कायद्यात बसणं आणि रीतसर संमती असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शहापूरसारख्या अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेत विषय मांडता येतो. येऊरचे पाडे मात्र ठाणे महापालिकेच्या हद्दीत येतात. तिथे ग्रामपंचायतच नाही, मग सामूहिक संमती द्यायची कुणी? कायद्याप्रमाणे महापालिकेचीही जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, पण पाड्यावरच्या बाईच्या वतीने ती हो म्हणणार का? याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही.

नाव छापण्याबद्दल वकील म्हणून सल्ला: वन्यजीव संरक्षण कायद्यात राष्ट्रीय उद्यानातली तोड हा गुन्हा आहे. 'अमुक बाई अमुक जागेवरून दरवर्षी शेवळं आणतात' हे वाक्य छापू नका. नाव आणि जागा एका ओळीत येता कामा नये.

खाडीकाठचा

मी ऐरोलीचा, कोळी. आमच्या खाडीत निवटी कुठल्या चिखलात राहते, कुठल्या भरतीला वर येते हे शिकायला कॉलेजची पोरं येतात. एकदा एका सर्वेक्षणासाठी माणसं आली, आमची होडी घेतली, दिवसभर प्रश्न विचारले. कागदावर सह्या घेतल्या. काय लिहिलं, कुठे गेलं, आजपर्यंत कळलं नाही. फ्लेमिंगो बघायला लोक येतात, खाडीला 2022 मध्ये रामसरचा दर्जा मिळाला, आनंद आहे. पण जाळं कुठे टाकायचं नाही हे आम्हाला सांगणाऱ्यांनी आधी आमच्याकडूनच खाडी समजून घेतली होती. नाव नको, निदान कागद तरी परत आणून दाखवा.

धानाची_लोंबी

खाडीकाठचा, तुमचं वाचून चंद्रपूरचे दादाजी खोब्रागडे आठवले. नांदेड गावचे, नागभीड तालुका. 'पटेल 3' जातीच्या भातात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या त्यांनी निवडून वर्षानुवर्षं वाढवल्या आणि त्यातून एचएमटी तांदूळ आला. एवढासा जमिनीचा तुकडा. 1994 मध्ये कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून 5 किलो बियाणं नेलं आणि 1998 मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' नावाने वाण प्रसारित झाला. आम्ही शुद्धीकरण केलं, असं विद्यापीठाचं म्हणणं. शुद्धीकरणाला मेहनत लागते हे मान्य. पण नावात संस्था आली आणि माणूस राहिला. 2018 मध्ये ते गेले तेव्हा हलाखीतच होते. एचएमटी खाणाऱ्या किती जणांना त्यांचं नाव माहीत आहे, विचारून बघा.

जव्या_येऊर

मी वारली, येऊरचाच. बी.एस्सी. केलंय. सगळं वाचलं, आता जरा आमच्या बाजूनं बोलतो.

सुजाताताई सांगतात नाव आणि जागा एकत्र लिहू नका, पटतं. पण 'तुमच्या सुरक्षिततेसाठी' म्हणून आमची नावं गाळायची सवय लागली आहे. चित्रांत वारली, जत्रेत वारली, आणि ज्ञानाची वेळ आली की 'स्थानिक रहिवासी'. माझ्या आत्याला विचारलं तर ती म्हणेल, माझं नाव टाक, मी काय चोरी केली? शेजारची काकू म्हणेल, नको बाबा. दोघींचं उत्तर वेगळं आहे. ते तुम्ही ठाण्यात बसून ठरवू नका, पाड्यावर येऊन विचारा. आणि एकेकीला विचारा, सगळ्यांसमोर विचारलं तर म्हाताऱ्या जे बोलतील त्यालाच सगळ्या हो म्हणतात.

दुसरं, आम्हाला आभारापेक्षा आकडे हवेत. वनहक्क कायदा 2006 मध्ये जैवविविधतेबद्दलच्या आमच्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा हक्क लिहिलेला आहे. आमच्या खुडणीनं शेवळं संपत नाहीत असं मोजणीत आलं, तर तो कागद आमच्या कामाचा आहे. इंग्रजी नियतकालिकात पैसे भरून वाचायचा कागद आमच्या काय उपयोगाचा?

वनस्पतीवेडा

@जव्या, आणि मोजणीत उलट आलं तर? रोपं दिसलीच नाहीत तर?

जव्या_येऊर

तर तेही सांगा, पण आधी आम्हाला. आम्ही ठरवू काही वर्षं कुठली बाजू सोडायची. पेपरात आधी आलं तर दुसऱ्या दिवशी फाटकावर अडवतील, आणि तिथंच बंगल्यांसाठी जमीन खणतात त्यात कंद जातात ते कुणी मोजणार नाही.

मृद्गंध_ठाणे

@जव्या, शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. खुडणी नसलेल्या माझ्या चौकटींपैकी काही अशा आहेत जिथे आधी जमीन हलवली गेली आहे. तिथे रोपं कमी दिसली तर त्याचं कारण खुडणीशी जोडता येणार नाही. जमीन हलवली की नाही हे प्रत्येक चौकटीसाठी वेगळं नोंदवायला हवं. कुठे खणलं होतं ते पाड्यावरच्या लोकांनाच आठवत असणार.

रानवाटा

जव्याने जे सांगितलं त्यापुढे माझा सल्ला थोडा बदलतो. संमती एकदा घेऊन चालत नाही. बोलणं नोंदवण्याआधी विचारायचं, नोंदवल्यावर ते ऐकवून पुन्हा विचारायचं, आणि मसुदा वाचून दाखवल्यावर तिसऱ्यांदा. छपाईला जाईपर्यंत कुणीही 'माझं काढा' म्हणू शकतं, हे सुरुवातीलाच सांगायचं. इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेतला म्हणजे संमती झाली असं मी मानत नाही.

वाचून दाखवण्याचा फायदा फक्त नैतिक नाही. माझ्या एका मसुद्यात 'कंद उपटून शेवळं गोळा करतात' असं वाक्य गेलं होतं, दुसऱ्या कुणाच्या लेखातून उचललेलं. वाचन चालू असताना एक बाई उठून गेली आणि अंगणातून ताजं शेवळ घेऊन आली. देठ बुडाशी धरून जरा वळवून वर ओढलं की कंदापासून कसं सुटतं ते तिने दाखवलं, आणि खालचं गोल व्रणासारखं टोक सगळ्यांना फिरवून दाखवलं. कंद उपटलेला असता तर ते टोक असं नसतं. बाजारातल्या जुडीवरूनही तपासता येईल अशी ती खूण होती, आणि ती त्या लेखकाला दिसली नव्हती.

जागेचं म्हणाल तर नकाशावरचे नेमके अक्षांश-रेखांश परिशिष्टात देऊ नका. मोठ्या चौकोनात ढोबळ दाखवा आणि नेमके आकडे पाड्याकडे आणि तुमच्याकडे ठेवा. संपादक मागतील, त्यांना कारण लिहून द्या. दुर्मीळ वनस्पतींसाठी असं करतातच.

नियमांचा_पक्का

सुजाताताई, दुरुस्तीबद्दल आभार. पण मग एक शंका. निबंध छापून आला की माहिती सगळ्यांची झाली. उद्या एखाद्या कंपनीने शेवळांची खाज काढायची काकडाची युक्ती वापरून डबाबंद भाजी काढली, तर पाड्याला काय मिळणार?

अ‍ॅड_सुजाता

काकडाची युक्ती घरोघरी आहे, त्यावर एका पाड्याचा दावा टिकणं कठीण. कंपनी इथल्या रानातली शेवळं व्यापारासाठी घेणार असेल तर राज्य जैवविविधता मंडळाकडे जावं लागेल आणि लाभवाटपाचा प्रश्न येईल. 2023 च्या दुरुस्तीने काही सवलती दिल्या आहेत, त्यात आयुषचे वैद्य आणि ग्रंथांत लिहिलेलं ज्ञान येतं. नुसतं तोंडी चालत आलेलं ज्ञान ग्रंथात नसतं, म्हणून ते निदान त्या सवलतीतून बाहेर आहे. प्रत्यक्षात पाड्यापर्यंत पैसा पोचतो का, हा वेगळाच लढा.

खवय्या_कोपरी

जागा विचारल्याचं आता वाईट वाटतंय. शनिवारी बाजारात जाऊन त्या बायकांकडूनच घेतली. जुडीचं टोकही बघितलं. रानवाटा म्हणतात तसंच गोल आहे.

दे_ना_पाटील_शहापूर

रानवाटा, तो राबाचा जुना अभ्यास मराठीत कुठे मिळेल का? नातू कृषी पदविकेला आहे, त्याला दाखवायचा आहे.

मृद्गंध_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. मार्गदर्शकांशी पुन्हा बोलले. सहलेखकत्वाला ते अजून तयार नाहीत, पण पद्धतीच्या भागात नावासह संदर्भ द्यायला हो म्हणाले, ज्या बायका हो म्हणतील त्यांच्यापुरता. संशोधनाचं ठिकाण 'ठाणे शहराजवळचा वनपट्टा' एवढंच लिहू. निकाल नियतकालिकाकडे पाठवण्याआधी मराठीत दोन पानांत पाड्यावर नेईन.

@जव्या, ऑगस्टच्या मोजणीला याल का? जमीन कुठे खणली होती हे दाखवायला आत्या बरोबर आल्या तर फार बरं. त्या दिवसाची मजुरी अभ्यासाच्या निधीतून देता येईल असं महाविद्यालयाकडून कळलंय, आणि चौकटींच्या नोंदीत तुमचं नाव कसं लिहायचं ते तुम्हीच सांगा.

जव्या_येऊर

येतो. आत्याला विचारून सांगतो. मजुरी तिची वेगळी आणि माझी वेगळी धरा, आणि तारीख आवणी संपल्यानंतरची ठेवा, त्याआधी पाड्यावर कुणी सापडणार नाही.